तिघांतले दोघे, अकरांतले आठ

गोव्यात वाढलेल्या आपल्या पिढीला आमदारांच्या पक्षांतराचं फारसं काही वाटत नाही. निवडणूक झाली की सहा महिन्यांत, वर्षभरात काहीतरी होणारच, असं आपण धरूनच चालतो. मात्र ‘पक्षांतरबंदी कायदा असताना हे होतंच कसं?’ हा प्रश्न घरातल्या कॉलेजवाल्या भावंडांकडून दर वेळी येतो. मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण नियम वाचून तो कुठे फसतो ते शोधणं हे माझं रोजचंच काम, म्हणून या वेळच्या सदरासाठी राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट वाचायला घेतलं. ते लहान आहे, तासाभरात वाचून होतं.

सुरुवात मगो पक्षापासून करू, कारण तिथलं गणित सगळ्यात सोपं आहे. मार्च २०१९ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या निधनानंतर प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले आणि मगोचे सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्री. मगोचे आमदार तीन. २७ मार्चला मध्यरात्रीनंतर त्यांपैकी दोघांनी, मनोहर आजगावकर आणि दीपक पाऊसकर यांनी, आपला विधिमंडळ गट भाजपमध्ये विलीन केल्याचं पत्र दिलं. आजगावकर उपमुख्यमंत्री झाले, पाऊसकर मंत्री झाले आणि ढवळीकरांना मंत्रिमंडळातून काढलं गेलं. मगो पक्ष स्वतः कुठेच विलीन झाला नव्हता. त्याची कार्यालयं, पदाधिकारी, सिंहाची निशाणी सगळं जागच्या जागी होतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने हे परिशिष्ट आलं. आमदाराने आपण होऊन पक्ष सोडला किंवा पक्षाच्या व्हिपविरुद्ध मतदान केलं, तर तो अपात्र ठरतो. पण तेव्हा यात दोन पळवाटा ठेवल्या होत्या. एक-तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती ‘फूट’ आणि दोन-तृतीयांश गेले तर ‘विलीनीकरण’. दोन्हींत आमदारकी वाचायची. फुटीची वाट २००३ मध्ये ९१व्या घटनादुरुस्तीने बंद केली. विलीनीकरणाची राहिली.

ती चौथ्या परिच्छेदात आहे आणि तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणतो, आमदाराचा मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला तर तो आमदार अपात्र ठरत नाही. दुसरा म्हणतो, विधिमंडळ गटातल्या किमान दोन-तृतीयांश सदस्यांनी मान्यता दिली, तरच मूळ पक्षाचं विलीनीकरण झालं असं मानलं जाईल. वाचताना मला वाटलं की दोन्ही अटी हव्यात: आधी पक्षाने विलीन व्हायचं, मग आमदारांनी मान्यता द्यायची. पण ‘असं मानलं जाईल’ या शब्दांचा दुसराही अर्थ लागतो. दोन-तृतीयांश आमदार तयार असले की पक्ष विलीन झाला असं कायदा धरून चालतो, मग पक्षाला त्याचा पत्ता असो वा नसो. तिघांतले दोघे म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश.

त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसचं तेच झालं. गटात १५ आमदार होते, त्यातले १० भाजपमध्ये गेले. पुन्हा काटेकोर दोन-तृतीयांश, एकही जास्त नाही. त्यांचं नेतृत्व करणारे चंद्रकांत कवळेकर त्या दिवसापर्यंत विरोधी पक्षनेते होते. ते उपमुख्यमंत्री झाले. त्यांच्या अपात्रतेसाठी अर्ज झाले, पण अशा अर्जांवर निर्णय देतात सभापती, आणि त्यांनी अर्ज फेटाळले ते एप्रिल २०२१ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मगो आणि काँग्रेस, दोन्ही प्रकरणांत सभापतींचा निर्णय कायम ठेवला आणि चौथ्या परिच्छेदाचा तो दुसरा अर्थच ग्राह्य धरला. निकालाची तारीख होती २४ फेब्रुवारी २०२२. नव्या विधानसभेसाठी मतदान १४ फेब्रुवारीला होऊनही गेलं होतं. ज्या आमदारकीबद्दल भांडण होतं तिची मुदतच संपत आली होती.

त्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. निवडून आले ११. अकराचे दोन-तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एक-तृतीयांश, म्हणून आठ लागतात. १४ सप्टेंबर २०२२ ला आठजण भाजपमध्ये गेले. (देवाला विचारूनच निर्णय घेतला, असं दिगंबर कामत यांनी नंतर सांगितलं.)

या आकड्यांकडे बघितलं की कायदा माणसाला कसा वागायला लावतो ते दिसतं. एकट्याने बाहेर पडणाऱ्याची आमदारकी जाते. सातजण मिळून गेले तरी सातांचीही जाते. आठवा आला की सगळे सुरक्षित. म्हणजे पहिल्या सातांचं सगळं आठव्यावर अवलंबून, आणि ज्याला जायचंच नाही त्याच्यावर दबाव येतो तो आपल्याच बाकावरच्या सहकाऱ्यांकडून. चाळीस जागांच्या सभागृहात गट लहान असतात, त्यामुळे हा आकडा गाठायला एका जेवणाच्या टेबलाभोवती मावतील इतकी माणसं पुरतात. मोठ्या राज्यात पन्नास-साठ जणांच्या गटातून दोन-तृतीयांश जमवणं इतकं सोपं नाही.

मला स्वतःला याहून जास्त खुपते ती व्हिपची बाजू, जिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. समजा, किनाऱ्यालगतच्या मतदारसंघातल्या आमदाराला जमीन रूपांतराचं एखादं विधेयक आपल्या गावांना घातक वाटलं. त्याला पक्ष सोडायचा नाही, फक्त त्या एका विधेयकाला विरोध करायचा आहे. पक्षाने व्हिप काढला असेल तर विरोधी मत तर सोडाच, परवानगीशिवाय तटस्थ राहिला तरी त्याच्यावर अपात्रतेची टांगती तलवार. पंधरा दिवसांत पक्षाने माफ केलं तर वाचला. एका मतापुरता स्वतंत्र राहणारा अडकतो आणि आठजणांत मिळून पक्षच बदलणारा सुटतो. शिवाय ‘पक्षाचा व्हिपच आहे’ हे उत्तर हाताशी असताना गावच्या सभेत कोणत्या आमदाराला स्वतःचं मत द्यावं लागतं?

सर्वोच्च न्यायालयाला हा धोका दिसला नव्हता असं नाही. १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने हा कायदा टिकला. मात्र बहुमताच्याच निकालात म्हटलं आहे की अपात्रतेची भीती असलेला व्हिप विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरता, किंवा पक्ष ज्या मुख्य धोरणावर मतं मागून आला त्यापुरता असावा. परिशिष्टाच्या मजकुरात मात्र ही मर्यादा कधीच घातली गेली नाही, आणि पक्ष साध्या विधेयकांवरही व्हिप काढत राहिले. त्याआधी १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीनेही जवळपास हेच सुचवलं होतं: अपात्रता फक्त पक्ष सोडल्यास, किंवा विश्वास-अविश्वासाच्या ठरावावर, अर्थविधेयकावर वा अभिभाषणाच्या आभारप्रस्तावावर व्हिप मोडल्यास.

मला ही सूचना पटते. सरकार टिकावं यासाठी पक्षशिस्त हवीच. १९६७ साली हरियाणात गयालाल यांनी एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तसली अवस्था पुन्हा कोणाला नको आहे. पण सरकारचं अस्तित्व पणाला नसेल तेव्हा आमदाराला आपलं डोकं वापरू द्यायला काय हरकत आहे? अर्थात गोस्वामी समितीची सूचना मान्य झाली असती, तरी गोव्यातले ते दोन, दहा आणि आठ वाचलेच असते. त्यांना वाचवलं चौथ्या परिच्छेदाने, आणि तो परिच्छेद आज आहे तसाच आहे.