उणे साठ का सोडले?

रत्नागिरीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीच्या पालकांची सभा होती. मुलं गृहपाठासाठी एआय वापरतात, त्याबद्दल मुख्याध्यापिका बोलणार होत्या. आता मोबाईलवर बंदी येणार, असं धरूनच बरेच पालक आले होते. बाई माईकपाशी गेल्या नाहीत. त्यांनी आधी खडू घेतला आणि फळ्यावर दहावीच्या बीजगणितातलं असतं तसं एक उदाहरण लिहिलं.

एक गाडी ३०० किलोमीटर अंतर ठरावीक वेगाने जाते. वेग ताशी १० किलोमीटरने जास्त असता, तर एक तास कमी लागला असता. तर गाडीचा मूळ वेग किती?

वेग x मानला की समीकरण असं उभं राहतं: 300/x − 300/(x+10) = 1. ते सोडवत गेलं की x² + 10x − 3000 = 0 हे वर्गसमीकरण मिळतं. त्याच्या दोन उकली येतात, 50 आणि −60. उत्तर ताशी ५० किलोमीटर. पडताळाही सोपा आहे. पन्नासच्या वेगाने सहा तास लागतात, साठच्या वेगाने पाच.

“हे उदाहरण वर्गात दिलं, तेव्हा बहुतेक वह्यांत ते बिनचूक होतं,” बाई म्हणाल्या. “मग मी एकच प्रश्न विचारला. दोन उत्तरं आली होती, त्यातलं उणे साठ का सोडलंत? ज्यांनी स्वतः सोडवलं होतं, ती मुलं लगेच म्हणाली, बाई, वेग ऋण कसा असेल? बाकीची वहीकडे बघत राहिली. वहीत ‘वेग ऋण असू शकत नाही’ हे वाक्यसुद्धा त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.”

पुढे त्यांनी ३०० चे २४० केले, १० चे २० केले आणि तेच उदाहरण पुन्हा घातलं. उत्तर ताशी ६० किलोमीटर. आकडे तेवढे बदलले होते, पायऱ्या त्याच होत्या. तरी आदल्या दिवशी पूर्ण गुण मिळतील अशी वही आणलेल्या काही मुलांना पहिलं समीकरणही मांडता आलं नाही.

अशा सभांमध्ये बोलणं बहुतेक वेळा ‘मुलं बिघडत चालली आहेत’ या वळणावर जातं. बाईंनी ते टाळलं, आणि ते फार बरं केलं. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुलं झालं. आता ते आणि त्याच्यासारखी इतर साधनं मोबाईलवर फुकट मिळतात, आणि गणिताचा फोटो काढला की उत्तर पायऱ्यांसकट येतं. आपल्या घरात ती येऊच नयेत ही अपेक्षा फोल आहे. ती वापरून मूल शिकतं की नाही, आणि ते ओळखायचं कसं, एवढंच बघायचं उरतं.

त्याचं एक चांगलं उत्तर तुर्कस्तानातून आलेलं आहे. बाईंनी ते पालकांना सविस्तर सांगितलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत, साधारण हजार मुलांवर, गणिताचा प्रयोग केला. शिक्षक आधी धडा शिकवायचे, मग मुलं सरावाची उदाहरणं सोडवायची आणि शेवटी कोणत्याही मदतीविना परीक्षा व्हायची. सरावाच्या वेळी काही मुलांना फक्त वही-पुस्तक दिलं होतं. काहींना चॅटजीपीटीसारखा साधा चॅटबॉट दिला होता. तिसऱ्या गटाला तोच चॅटबॉट दिला, पण त्याला आधी ताकीद दिलेली होती की उत्तर सांगायचं नाही, इशारे द्यायचे. कोणत्या उदाहरणात मुलं कुठे चुकतात, हेही शिक्षकांनी त्याला आधीच पुरवलं होतं.

सरावात साध्या चॅटबॉटवाल्यांची कामगिरी वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी चांगली झाली. इशारेवाल्यांची तर १२७ टक्क्यांनी. मग मदत काढून घेऊन परीक्षा झाली, आणि साधा चॅटबॉट वापरलेली मुलं ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारेवाल्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालं नाही. पण परीक्षेत ती मुलं वही-पुस्तकवाल्यांच्या फार पुढेही गेली नाहीत.

बाईंनी इथे थांबून एक गोष्ट मुद्दाम सांगितली. मागे पडलेल्या मुलांना आपण मागे पडलो आहोत असं वाटतच नव्हतं. म्हणून “तुला समजलं ना?” असं मुलाला विचारण्यात फारसा अर्थ नाही. ते मनापासून “हो” म्हणतं.

यात नेमकं काय हरवतं, हे दाखवण्यासाठी त्या पुन्हा फळ्याकडे वळल्या. गाडीच्या उदाहरणात मुलं हमखास एक चूक करतात. जास्त वेगाचा वेळ आधी लिहितात आणि कमी वेगाचा त्यातून वजा करतात: 300/(x+10) − 300/x = 1. पुढे सगळं बरोबर सोडवलं तरी हाती x² + 10x + 3000 = 0 येतं. विवेचक काढला तर तो ऋण निघतो आणि वास्तव उकलच मिळत नाही. मूल अडकतं, मागे जातं, आणि त्याच्या लक्षात येतं की वेग वाढला तर वेळ कमी लागतो, म्हणजे मोठ्या वेळातून लहान वेळ वजा करायला हवा होता. गणित शिकणं घडतं ते या दहा मिनिटांत. फोटो काढून उत्तर मागवलं की ही दहा मिनिटं वगळली जातात. वही मात्र स्वच्छ दिसते, आणि घरात सगळे खूश असतात.

मग एका वडिलांनी विचारलं, “बाई, आम्हा दोघांनाही हे गणित येत नाही. ट्युशन परवडत नाही. मोबाईल तरी सांगतो. तोही बंद करायचा का?”

सभेतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता. ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही, त्यांना हे साधन खरोखर आधार देऊ शकतं, आणि सरसकट बंदीचा फटका त्यांनाच बसतो. बाईंनी बंदी घातली नाही, क्रम सांगितला. आधी पंधरा-वीस मिनिटं मुलाने वहीत स्वतः झटायचं. चुकलेलं खोडायचं नाही, तसंच ठेवायचं. अडलं तर मोबाईल घ्यायचा, पण त्यात काय लिहायचं ते ठरलेलं असावं. त्यांनी ते फळ्यावर लिहून दिलं: “उत्तर सांगू नकोस. मी इथपर्यंत आलो आहे. माझी चूक कुठे आहे त्याचा फक्त एक इशारा दे.” आणि सोबत आपली अर्धवट पायरी टाकायची. शेवटी मोबाईल बाजूला ठेवून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर, आकडे बदलून, पुन्हा सोडवायचं.

“तुम्हाला गणित यायची गरज नाही,” त्या वडिलांना त्या म्हणाल्या. “मुलाला वही मिटायला सांगा आणि विचारा, हे असं का केलंस? त्याचं उत्तर बरोबर आहे का, ते आम्ही बघू. त्याला दोन वाक्यं सांगता येतात का, एवढं तुम्ही बघा.”

चॅटबॉट चुकतोही, आणि चुकताना त्याचा सूर बदलत नाही. तुर्कस्तानच्या त्या प्रयोगात साध्या चॅटबॉटची जवळपास निम्मी उत्तरं चुकीची होती. त्यानंतर ही साधनं गणितात बरीच सुधारली आहेत. आपल्या गावाबद्दल विचारलं की मात्र अजून फसगत होते. वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत ती उत्तर रचतात, आणि रत्नागिरीबद्दल, तेही मराठीत, त्यांनी वाचलेलं थोडंच आहे.

याचा दाखला शाळेतलाच होता. मुलांना कोकणातल्या कातळशिल्पांवर प्रकल्प दिला होता. उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, बारसू, कशेळी ही नावं इथल्या मुलांना परकी नाहीत. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीतही गेली. तरी काही प्रकल्पांत एकाच धाटणीचं वाक्य होतं: आदिमानवाने गुहांच्या भिंतींवर ही चित्रे रेखाटली. इथे ना गुहा आहे ना भिंत. उघड्या सड्यावर, पायाखालच्या जांभ्या दगडात ती कोरलेली आहेत. उक्षीचा हत्ती बघायचा तर मान खाली घालून बघावा लागतो. सड्यावर एकदा जाऊन आलेलं मूल असं वाक्य लिहिणार नाही.

मजकूर यंत्राने लिहिला आहे का, हे ओळखणारी साधनं वापरून मुलांना पकडा, अशीही सूचना एका पालकांनी केली. बाईंनी ठाम नकार दिला, आणि त्याला भक्कम आधार आहे. चॅटजीपीटी ज्या कंपनीने काढलं, त्या ओपनएआयनेच असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं होतं. त्याला यंत्राचा मजकूर फक्त २६ टक्के वेळा ओळखता आला आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर त्याने यंत्राचा ठरवला. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने ते मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली, तेव्हा इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांचे निम्म्याहून अधिक निबंध सरासरीने यंत्राचे ठरवले गेले. मराठी माध्यमात शिकून, मेहनतीने साधंसरळ इंग्रजी लिहिणाऱ्या मुलीवर असा शिक्का बसणं हा मोठा अन्याय ठरेल. शिक्षकाने मुलाला समोर बसवून पाच मिनिटं बोलतं करावं, हीच तपासणी खरी.

वयाचा मुद्दा बाईंनी थोडक्यात सांगितला. चॅटजीपीटीच्या अटींनुसार तेरा वर्षांखालच्या मुलांना ते वापरता येत नाही, आणि अठरापर्यंत पालकांची संमती लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालकच. पाचवी-सहावीची मुलं आईच्या खात्यावरून प्रश्न विचारतात, तेव्हा वहीच्या फोटोसोबत नाव, शाळा, तुकडी आणि हजेरी क्रमांकही जातो. फोटो उदाहरणापुरताच काढावा, हे घरी सांगायला हवं.

सभा संपताना त्यांनी शाळेचा निर्णय जाहीर केला. यापुढे प्रत्येक प्रकल्पावर तोंडी प्रश्न विचारले जातील. एआयची मदत घेतली असेल, तर काय विचारलं होतं ते मुलाने शेवटच्या पानावर लिहायचं. लिहिलं म्हणून गुण कापले जाणार नाहीत. आणि गणिताच्या वहीत चुकलेल्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत.

हा शेवटचा नियम पाळणं पालकांना जड जाईल. आपल्याला स्वच्छ वही आवडते, आणि खाडाखोड दिसली की आपण रागावतो. तेवढं या वर्षी करू नका. मुलाच्या वहीत चुकलेलं समीकरण दिसलं तर ते खोडायला लावू नका. शेजारी बसा आणि ते कुठे चुकलं, हे त्यालाच सांगायला सांगा.