कॅट आठची वायर आणि ९४चा आकडा

खरडमधल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नागपूरहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब राहतं. घरात ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. राउटर दाराजवळ आणि मुलाची अभ्यासाची खोली पार मागे, म्हणून काकांनी ‘कॅट ८, ४० गिगाबिट, गेमिंग’ असं लिहिलेली वीस मीटरची चपटी वायर ऑनलाइन मागवली. ती दाराच्या फटीतून आत नेली. स्पीड टेस्ट केली की आकडा ९४. राउटरजवळ बसून छोट्या वायरने केली तर पूर्ण ३००.

हा ९४ नीट लक्षात ठेवा. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्षात साधारण एवढंच हाती येतं. नेटवर्क वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन पुरतात, पण गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, की उपकरणं बहुतेक वेळा गुपचूप १००वर उतरतात. नेट चालूच असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये `Link speed` बघा. तिथे 1000 ऐवजी 100 दिसलं, तर आधी वायर बदलून पाहा. दुसऱ्या वायरीनेही तेच दिसलं तर राउटरचा पोर्टच १००चा असू शकतो. काकांच्या वायरीतली एक जोडी दाराखाली चेपून तुटली होती. चपट्या वायरीतल्या तारा फार बारीक असतात, त्या रोजच्या उघडझापीला टिकत नाहीत.

आता त्या ‘८’कडे येऊ. कॅट ८ हे खरंखुरं मानक आहे, पण ते डेटा सेंटरसाठी. २५ आणि ४० गिगाबिटचा वेग, तोही जास्तीत जास्त ३० मीटरपर्यंत. तुमच्या राउटरला, टीव्हीला किंवा लॅपटॉपला ४० गिगाबिटचा असा पोर्टच नसतो. बारीक नळाला कितीही जाड पाइप जोडला तरी बादली लवकर भरत नाही, तसंच हे.

कॅट ७ची गोष्ट आणखी मजेशीर. आंतरराष्ट्रीय मानकात ती आहे, पण अमेरिकेच्या टीआयए या मानक संस्थेने ती कधी स्वीकारलीच नाही. शिवाय तिच्यासाठी जीजी४५ किंवा टेरा नावाचे वेगळे कनेक्टर ठरलेले आहेत. म्हणजे नेहमीचा आरजे-४५ प्लग लावून ‘कॅट ७’ म्हणून विकली जाणारी वायर त्या मानकात पूर्ण बसतच नाही. तिच्यावरच्या धातूच्या आवरणाचंही कौतुक केलं जातं. पण ते आवरण अर्थिंगला जोडलेलं असेल तरच त्याचा नीट उपयोग, आणि घरातल्या प्लॅस्टिकच्या राउटरला दोन पिनांचा ॲडॅप्टर असतो. अर्थिंग येणार कुठून?

उरली कॅट ६ए. ही मात्र कामाची आहे. १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर नेते. पण साधी कॅट ६सुद्धा तोच वेग साधारण ५५ मीटरपर्यंत नेऊ शकते, आणि तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ५५ मीटर वायर लागेल कुठे? कॅट ५ई तर १ गिगाबिट आरामात देते आणि २.५ गिगाबिटही चालवते. त्यामुळे भिंतीत जुनी ५ई असेल आणि `Link speed` 1000 दाखवत असेल, तर तिला हात लावू नका. नवं घर बांधताना, तेही दहा गिगाबिटचं स्टोरेज वगैरे बसवायचा विचार असेल तरच ६ए घ्या. ती जाड असते, अरुंद पाइपातून वळवताना वायरमन वैतागतो.

माझ्या मते खरी फसवणूक आकड्यात नाही, धातूत आहे. स्वस्त वायरीत ‘सीसीए’ म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. मानकाला अस्सल तांबं लागतं. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध जास्त, आणि दोन-तीनदा वाकवलं की ते तुटतं. याच वायरीतून वीज घेणारा सीसीटीव्ही कॅमेरा लांबवर लावला, तर तो रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच बंद-चालू होऊ शकतो, कारण तिथपर्यंत पुरेशी वीज पोहोचत नाही. दुकानात एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर परत द्या, तांबूस दिसलं तर घ्या. बिलावर ‘पूर्ण तांबे’ असं लिहून घ्यायला लाजू नका.

काकांनी मग अस्सल तांब्याची साधी कॅट ६ सुटी मीटरवर घेतली आणि विजेच्या तारांपासून दूर, छताच्या कडेने नेली. दोन्ही टोकांना वायरमनने भिंतीतले सॉकेट बसवले. `Link speed` 1000 आलं, टेस्टमध्ये प्लॅनचे ३००. ती कॅट ८ची वायर काकूंनी बाल्कनीत कपडे वाळत घालायला बांधली आहे.