काळा धागा, हिरवे कापड आणि मालेगावचा सुपरमॅन

जुन्या पौराणिक मालिकांतील उड्डाणांच्या चित्रफिती सध्या थट्टेसाठी फिरवल्या जातात आणि त्यांखाली एक ठरलेले वाक्य असते: ‘त्या काळचे कॅमेरे निकृष्ट होते, म्हणून दोऱ्या दिसल्या नाहीत.’ मित्रहो, हे विधान साफ खोटे आहे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर साधा शिवणाचा दोराही उमटतो. तो लपवावा लागतो.

१९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त अदृश्य माणसाच्या हातून वस्तू हलताना दिसतात. त्या हलविणारे बाबूभाई मिस्त्री पुढे ‘काला धागा’ याच नावाने ओळखले गेले. नाव धाग्याला मिळाले, पण खरी करामत पार्श्वभूमीची असते. काळा, बिनचमकीचा दोरा काळ्या पडद्यासमोर धरावा आणि प्रकाश केवळ वस्तूवर पडेल असा बाजूने द्यावा. मग दोरा अंधारात विरघळतो. तोच दोरा पांढऱ्या भिंतीपुढून गेला, की रेघ उमटलीच. एकाच दोऱ्यावर टांगलेली वस्तू स्वतःभोवती फिरते, म्हणून दोन-तीन दोरे लागतात. दोरा न दिसताही युक्ती ओळखता येते: वस्तू थांबताना लंबकासारखी किंचित झुलते.

माणसाचे वजन दोऱ्याला पेलत नाही. तार लावली तर ती चकाकते, शिवाय कमरेपाशी कपडा वर ओढला जातो. म्हणून व्हिडिओवरच्या मालिकांनी दुसरा मार्ग धरला: नटाला एकरंगी पडद्यासमोर आडवे करायचे, यंत्राने तेवढा रंग काढून टाकायचा आणि त्या जागी आकाश भरायचे. आधारही त्याच रंगात गुंडाळला, की तोही नाहीसा होतो. म्हणजे काळ्यावर काळे हेच तत्त्व, फक्त रंग बदलला. जुन्या व्हिडिओत रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा बराच कमी नोंदला जाई. त्यामुळे केसांच्या कडेला थरथरणारी रंगीत किनार राहते. हसणाऱ्यांना दिसते ती हीच.

आता धुळ्याहून आग्रा रस्त्याने दक्षिणेला या. मालेगाव नाशिक जिल्ह्यातले खरे, पण खानदेशाच्या उंबरठ्यावरचे. तेथे शेख नासिर यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला आणि तो घडतानाचा माहितीपट फैझा अहमद खान यांनी २००८ साली आणला. यंत्रमागावर काम करणारा सडपातळ नायक हिरव्या कापडासमोर उडतो. कापड हिरवेच का? सुपरमॅनचा पोशाख निळा. निळा पडदा लावला असता तर आकाश नायकाच्या छातीतूनच दिसले असते. हा हिशेब मुंबईच्या स्टुडिओतही हाच असतो.

तरीही मुंबईत त्याला तंत्र म्हणायचे आणि मालेगावात ‘जुगाड’? कापडाला सुरकुती पडली, उजेड असमान झाला, तर सावलीतला हिरवा रंग यंत्राला वेगळा वाटतो आणि तेथे डाग राहतो. स्टुडिओ त्यासाठी जादा दिवे लावतो. मालेगावकडे ते दिवे नव्हते. हिशेब मात्र पुरता ठाऊक होता.