आडव्या पत्रावरील उभ्या ओळी

आमच्या पनवेलच्या घरातील जुनी कागदपत्रे लावताना आत्याबाईंचे एक आंतर्देशीय पत्र हाती आले. आंतर्देशीय पत्रात वेगळी चिठ्ठी घालण्यास टपालखात्याची मनाई असे. त्यामुळे जागा संपल्यावर आत्याबाईंनी कागद काटकोनात फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच पुढचा मजकूर लिहिला होता. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी टपालाचा आकार कागदांच्या संख्येवर ठरे, तेव्हा तेथेही हीच युक्ती रूढ होती.

दोन थरांची शाई भिन्न रंगाची असेल तर काम सोपे असते. लाल जिलेटीन कागदातून पाहिले की लाल अक्षरे फिकी होतात आणि निळी काळी दिसतात. आत्याबाईंनी मात्र दोन्ही थर एकाच लेखणीने लिहिले होते, त्यामुळे हा उपाय निरुपयोगी ठरला.

मग जाड काळ्या पुठ्ठ्यात एक ओळ मावेल एवढी, साधारण एक सेंटिमीटर उंचीची लांबट खिडकी कापली. पत्राचा मायना ज्या थरात आहे तो पहिला. तो एकेक ओळ खिडकीतून वाचून वहीत उतरवला. न लागणाऱ्या शब्दाच्या जागी अंदाज न लिहिता रिकामी जागा सोडली. त्यानंतर कागद फिरवून दुसरा थर त्याच रीतीने घेतला. पहिला थर जेथे अर्धवट थांबला होता, तेथूनच दुसऱ्याचे वाक्य सुरू झाले, म्हणजे क्रम बरोबर होता.

देवनागरीत येथे एक खास फसगत होते. कागद फिरवला की पहिल्या थराची शिरोरेघ उभी होते आणि ती दुसऱ्या थरात कान्यासारखी दिसते. आमच्या घरी वर्षानुवर्षे एक ओळ ‘ती दिवाळीत वहिनींना परात दिली’ अशी वाचली जाई. आत्याबाईंनी उसनी नेलेली मोहनमाळ परत केलीच नाही, असा वहिनींच्या माहेरचा समज होता आणि त्यावरून दोन घरांचे येणेजाणे थांबले होते.

मी भिंगाखाली ‘रा’चा कान्हा तपासला. खरा कान्हा शिरोरेघेपासून निघून अक्षराच्या पायाशी थांबतो. ही रेघ मात्र वरच्या ओळीतून येऊन खालच्या ओळीतही उतरली होती. कागद पूर्ववत केला, तेव्हा ती पहिल्या थरातील ‘समाचार’ या शब्दाची शिरोरेघ निघाली. ती वजा केल्यावर शब्द उरला ‘परत’. त्याआधीच्या ओळीत मोहनमाळेचा उल्लेख होताच. म्हणजे मोहनमाळ परत दिली गेली होती.

एका शब्दावर निवाडा करू नये, म्हणून त्याच पानावरील इतर सहा कान्हे मी मोजून पाहिले. ते सर्व अक्षराच्या पायाशीच थांबले होते. त्यानंतर दोन्ही थरांची स्वच्छ नक्कल आणि पत्राचे छायाचित्र वहिनींच्या माहेरी पाठवले. ज्यांच्यात अबोला होता त्यांपैकी आज एकच व्यक्ती हयात आहे. त्यांनी ती ओळ स्वतः भिंगातून वाचली.