घरचा हिशेब : निम्मी मुदत सरली, निम्में कर्ज कां फिटलें नाहीं?

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत नुकताच एक अवघड प्रसंग उद्भवला. घरासाठीं दहा लक्ष रुपयांचें कर्ज, द. सा. द. शे. ९ व्याजानें, वीस वर्षांच्या मुदतीनें काढलेलें होतें. पहिलीं दहा वर्षें हप्ते थोरल्या बंधूंनीं भरावे, पुढील दहा वर्षें धाकट्यांनीं, असें मातुःश्रींच्या समक्ष ठरलें होतें. दहा वर्षें पुरीं झाल्यावर धाकट्यांनीं बँकेचा उतारा आणला, तों शिल्लक ७ लक्ष १० हजारांच्या वर! 'दादांनीं हप्ते चुकविले असावेत' हे शब्द ओठांवर येण्यापूर्वीं, सुदैवानें, तो उतारा आम्हांस दाखविण्यांत आला. एकही हप्ता चुकला नव्हता.

मग हें झालें कसें? दरसाल ९ टक्के म्हणजे दरमहा पाऊण टक्का. पहिल्या महिन्यांत दहा लक्षांवर व्याज होतें ७,५०० रुपये. हप्ता यापेक्षां थोडा तरी अधिक हवा, एरवीं मुद्दल कधींच हलणार नाहीं. हें 'थोडें अधिक' किती, एवढेंच काय तें शोधावयाचें आहे. त्यास आपण 'पहिली फेड' म्हणूं.

हप्ता दरमहा तोच राहतो, पण व्याज केवळ उरलेल्या शिलकेवर लागतें. पहिल्या महिन्यांत १०० रुपये मुद्दल फिटलें, तर दुसऱ्या महिन्यांत त्या शंभरांचें पाऊण रुपया व्याज वांचतें. हप्ता तोच असल्यामुळें तो पाऊण रुपया मुद्दलाकडे वळतो आणि दुसरी फेड १००.७५ होते. तिसरी फेड दुसरीच्या १.००७५ पट, चौथी तिसरीच्या तितकीच पट. म्हणजे या फेडी भूमितिश्रेढीनें वाढत जातात, आणि अशा २४० फेडींची बेरीज बरोबर दहा लक्ष झाली पाहिजे.

पहिली फेड एक रुपया मानल्यास ही बेरीज किती होईल? शाळेंत शिकलेली युक्ति येथें उपयोगी पडते. सबंध श्रेढीस १.००७५ नें गुणून त्यांतून मूळ श्रेढी वजा केली, म्हणजे मधलीं सर्व पदें उडून जातात. १.००७५ हा आंकडा २४० वेळां घेऊन गुणाकार केला तर ६.००९१५ येतो. त्यांतून १ वजा करून ०.००७५ नें भागावें, उत्तर ६६७.८९. आतां दहा लक्षांस ६६७.८९ नें भागलें कीं पहिली फेड मिळते, १,४९७ रुपये २६ पैसे. तींत पहिल्या महिन्याचें व्याज ७,५०० मिळविलें कीं हप्ता तयार : ८,९९७ रुपये २६ पैसे. बँकेचें सूत्र दिसावयास भयंकर असतें, परंतु त्यांत याहून निराळें कांहीं नाहीं :

हप्ता = मुद्दल × दर × (१ + दर)^महिने ÷ [(१ + दर)^महिने − १]

यांतील दर मासिक धरावा, आणि शंभरांनीं भागून. येथें तो ०.००७५ आहे. वार्षिक ९ टक्के तसेच घालून आंकडा विचित्र येतो म्हणून घाबरणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत!

प्रारंभीं सुमारें नऊ हजारांतले अवघे दीड हजार मुद्दलाकडे जातात. हप्त्याचा निम्मा भाग मुद्दलाकडे जाऊं लागण्यास १४९ वा हप्ता उजाडावा लागतो, म्हणजे तेरावें वर्ष. पहिल्या १२० फेडींची बेरीज २,८९,७४१ रुपये भरते. दहा लक्षांतून ती वजा जातां राहतात ७,१०,२५९, आणि उताऱ्यांत हाच आंकडा होता. पूर्ण रुपयांत हप्ता ठरविल्यामुळें थोडा फरक पडतो, तो शेवटच्या हप्त्यांत भरून निघतो.

हा हिशेब दर स्थिर आहे तोंवरचा. बदलत्या दराचें कर्ज असेल तर हप्ता तोच ठेवून मुदत वाढविण्याची रीत आहे, आणि ती जपून तपासावी. याच कर्जाचा दर आरंभींच १०.८ टक्के झाला असता, तर महिन्याचें व्याजच ९,००० झालें असतें. हप्ता भरूनही कर्ज वाढत गेलें असतें. उताऱ्यांतील शिल्लक मागील महिन्यापेक्षां अधिक दिसली कीं हें ओळखावें.

थोरल्यांनीं दहा वर्षांत १०,७९,६७१ रुपये भरले. धाकट्यांसही तितकेच भरावयाचे आहेत. तेव्हां करार समानच आहे. आमच्या मतें तर थोरल्यांचा भार किंचित् अधिक, कारण त्यांचे पैसे आधीं गेले. धाकट्यांनीं तें मान्य केलें, आणि लगेच विचारलें, हातीं एक लक्ष आहेत, ते आतां भरले तर काय होईल? आम्हीं पुन्हां कागद ओढला. हप्ता तोच ठेवल्यास उरलेल्या १२० महिन्यांचे ९६ होतात, आणि त्यांतला शेवटचा हप्ता अगदींच लहान. चोवीस महिने कमी! तेंच लक्ष अगदीं पहिल्या दिवशीं भरलें असतें तर २४० चे १८६ झाले असते, असें आम्हीं म्हणालों, तेव्हां दादा पलीकडून इतकेंच बोलले, "तेव्हां तें होतें कोणाजवळ?"