मालोजी घोरपड्यांना लिहिलेले पत्र आणि आपला दावा

शिवछत्रपतींनी मुधोळच्या मालोजी घोरपडे यांना मार्च १६७७ च्या सुमारास लिहिलेले पत्र सीमाभागातील सभांमधून वारंवार उद्धृत होते. दक्षिणेची पातशाही दक्षिण्यांच्याच हाती राहावी, हा त्यातील आशय. आणि त्यावरून ‘महाराजांनी मराठी भाषकांच्या ऐक्याची हाक दिली होती’ असा निष्कर्ष काढला जातो. मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात असल्यामुळे हा मोह समजण्यासारखा आहे. परंतु आमच्या मते हे वाचन चुकीचे आहे.

पत्र कोणी कोणास लिहिले, हे आधी पाहू. मालोजींचे वडील बाजी घोरपडे यांनी १६४८ मध्ये जिंजीनजीक शहाजीराजांना कैद करण्यात पुढाकार घेतला होता. पुढे १६६४ मध्ये महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन बाजींना मारले. म्हणजे लिहिणारा हा वाचणाऱ्याच्या पित्याचा वैरी आहे, आणि पत्रात हे वैर लपविलेले नाही. लपविणे शक्यही नव्हते, कारण मालोजींना सर्व ठाऊक होते. म्हणून ज्या घटना दोन्ही पक्षांस माहीत होत्या, त्यांपुरते हे पत्र विश्वसनीय मानावे. आगळीक प्रथम कोणाची, हा भाग मात्र एका पक्षकाराचे कथन आहे. न्यायालयात आम्ही त्यास जेवढे वजन देऊ, तेवढेच येथेही द्यावे.

आता काळ. विजापुरात सिकंदर आदिलशहा अल्पवयीन होता. दक्षिणी पक्षाचा पुढारी खवासखान यास दूर सारून १६७५ च्या अखेरीस बहलोलखान पठाणाने कारभार बळकावला होता. इकडे महाराज भागानगरास कुतुबशहाशी सख्य जोडून कर्नाटकच्या मोहिमेच्या तयारीत होते. जिंजी, वेलोर हे आदिलशाही मुलूख समोर होते. अशा वेळी विजापूरचा एक मातबर सरदार फोडणे हा पत्राचा हेतू होता; म्हणूनच जुने वैर विसरावे अशी विनवणी आणि कुतुबशाहीत मनसब मिळवून देण्याचे आश्वासन त्यात एकत्र येते.

मग ‘दक्षिणी’ कोण? खवासखान हबशी वंशाचा होता. कुतुबशाहीचा मूळ पुरुष इराणातून आलेला, तिचे कारभारी मादण्णा-आकण्णा तेलुगू मुलखातले. या पत्राच्या दृष्टीने हे सारे दक्षिणी, आणि परका तो पठाण व मोगल. रेघ भाषेची नव्हती. दक्षिणेत रुजलेले आणि नव्याने सत्ता बळकावणारे यांच्यामधली ती होती. (कन्नड बाजूचे मित्र हेच पत्र आपल्या सोयीने वाचतात, तेव्हा आम्ही हाच आक्षेप घेतो.)

आपल्या दाव्याचे खरे पुरावे गावोगावच्या जनगणनेत, शाळांच्या पटांवर आणि जुन्या मराठी दस्तांमध्ये आहेत. हे पत्र त्या जुडग्यात जोडले, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.