आधी शिरोलंब, मग घडी

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश, हे आठवीच्या मुलांना पाठ असते. कागदाची घडी घालून ते दाखवायचे, असे टाचणात लिहिणेही सोपे. वर्गात मात्र काही बाकांवर कोन एकमेकांवर चढतात, काहींच्या मध्ये फट राहते आणि ‘साधारण जुळले’ म्हणून तास पुढे सरकतो. बारामती-इंदापूरच्या गणित शिक्षकांनी या फटीपाशीच थांबावे, अशी आमची विनंती आहे.

कागद साधा, पाठकोरा घ्या. भिगवणच्या कारखान्यात होतो तसा लेप दिलेला गुळगुळीत कागद घडीवर तडकतो. मुलांनी आपापले वेगवेगळे त्रिकोण कापावेत. शिक्षकाने स्वतः १३, १४ आणि १५ सेंटिमीटर बाजूंचा घ्यावा आणि १४ ची बाजू खाली ठेवावी.

आता पाया पायावरच असा दुमडायचा, की घडी वरच्या शिरोबिंदूतून जाईल. हा शिरोलंब. त्याचा पाय पायाचे ५ आणि ९ असे भाग करतो. कागद उलगडून वरचा शिरोबिंदू या बिंदूवर आणा, मग डावा आणि उजवा कोपराही तिथेच आणा. तिन्ही कोन एका सरळ रेषेवर शेजारी बसतात आणि ७ बाय ६ चा आयत उरतो.

चूक होते ती इथे. मूल पायाचा मध्य शोधते, म्हणजे ५ ऐवजी ७ वर खूण करते. हा मध्यगेचा बिंदू. शिरोबिंदू तिथे आणला की घडी पायाला समांतर राहत नाही, तिरकी पडते. फट दिसते ती त्यामुळेच. शिरोलंब आणि मध्यगा यांचा पाठ आठवीतच आहे, म्हणून असा दुमडलेला कागद फळ्यापाशी आणून दोन्ही रेषा पट्टीने काढून घ्या. दुसरी अडचण विशालकोन त्रिकोणाची. लहान बाजू खाली घेतली तर शिरोलंबाचा पाय कागदाबाहेर पडतो. सर्वांत मोठी बाजू खाली ठेवली की तो नेहमी आतच येतो.

कोपरे तिथेच का पोचतात, हे मुलांना मोजू द्या. घडी १३ च्या बाजूला ६.५ वर कापते. तिथून वरचा शिरोबिंदू, खालचा कोपरा आणि शिरोलंबाचा पाय, तिन्ही ६.५ सेंटिमीटरवर असतात. मध्यबिंदूच्या प्रमेयाची सिद्धता नववीत होईल. आठवीला हे मोजमाप पुरे.

एवढे झाल्यावरही काही सिद्ध झालेले नाही, हे स्पष्ट सांगा. १७९ अंश असते तरी कागदावर डोळ्यांना सरळ रेषाच दिसली असती. म्हणून शेवटची दहा मिनिटे फळ्यासाठी राखा. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा आणि ‘समांतर रेषा व छेदिका’ या पाठातले व्युत्क्रम कोन मुलांना ओळखू द्या. पायाचे दोन्ही कोन वरच्या कोनाच्या दोन बाजूंना येऊन बसतात, त्रिकोण कोणताही असो.